बोनसचे पैसे आणि सरासरीचा चकवा

एसआयपीतले, म्हणजे दरमहा ठरावीक रकमेने घेतलेले, युनिट सरासरी भावापेक्षा स्वस्त पडते, असे म्युच्युअल फंडांच्या प्रचारात वारंवार सांगितले जाते. भाव बदलत असतील तर हे विधान गणिताच्या दृष्टीने नेहमीच खरे असते. तरीही वर्षाचा बोनस एकदम हातात आलेला नोकरदार त्यावर विसंबून निर्णय घेणार असेल, तर त्याने ते जरा उलगडून पाहावे.

समजा, बोनसचे १,२०,००० रुपये आहेत आणि ते ४०,००० रुपयांच्या तीन मासिक हप्त्यांत एका इक्विटी फंडात घालायचे आहेत. युनिटचा भाव पहिल्या महिन्यात १०० रुपये, दुसऱ्यात ८० आणि तिसऱ्यात पुन्हा १०० असेल, तर अनुक्रमे ४००, ५०० आणि ४००, म्हणजे एकूण १,३०० युनिट मिळतात. तीन भावांची सरासरी ९३.३३ रुपये, पण आपल्याला युनिट पडले ९२.३१ रुपयांना. आता मधल्या महिन्यात भाव ८०ऐवजी १२५ झाला असे धरू. मग ४००, ३२० आणि ४०० असे १,१२० युनिट मिळतात. भावांची सरासरी १०८.३३ आणि आपला खर्च १०७.१४. दोन्ही वेळा आपण सरासरीच्या खालीच राहिलो. मात्र पहिल्याच दिवशी सगळी रक्कम गुंतवली असती तर दोन्ही वेळा १,२०० युनिट मिळाले असते, म्हणजे पहिल्या वेळी हप्त्यांनी १०० युनिटांचा फायदा केला आणि दुसऱ्या वेळी ८० युनिटांचा तोटा.

याचे कारण असे, की ठरावीक रकमेने खरेदी केली की स्वस्त महिन्यात जास्त युनिट येतात आणि महाग महिन्यात कमी, त्यामुळे आपला खर्च हा भावांचा हरात्मक मध्य असतो, आणि तो नेहमीच्या अंकगणिती मध्यापेक्षा कधीच जास्त नसतो. भाव वर जावो वा खाली, हा नियम लागू असतो, आणि म्हणूनच त्यातून नफ्यातोट्याविषयी काहीही कळत नाही. सरासरी भावाला युनिट विकण्याची सोय कोणाकडेच नसते. बोनसधारकापुढचा खरा पर्याय आजचा भाव हा आहे, तेव्हा हप्त्यांच्या खर्चाची तुलना त्याच्याशीच व्हायला हवी.

भाव १०० रुपयांपासून दरमहा १ टक्क्याने चढत राहिला आणि १०,०००चे बारा हप्ते केले, तर सुमारे १,१३७ युनिट १०५.५६ रुपयांना पडतात. भावांची सरासरी १०५.६९ असल्यामुळे जाहिरात इथेही खरी ठरते, पण एकरकमीचे युनिट १,२००च असतात. खरा बाजार असा सरळ रेषेत चढत नाही. मात्र शेअरमधून दीर्घकाळात वाढीची अपेक्षा असेल, आणि ती नसेल तर इक्विटी फंड घ्यावाच कशाला, तर थांबलेला पैसा सरासरीने त्या वाढीला मुकतो. हप्त्यांची ही रीत सिद्धान्ताच्या कसोटीवर सर्वोत्तम ठरत नाही, हे अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज कॉन्स्टँटिनाइड्स यांनी १९७९ मध्येच दाखवले होते. व्हॅनगार्ड या अमेरिकी फंड कंपनीने २०१२ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियाच्या बाजारांचा इतिहास तपासला, तेव्हा सुमारे दोन तृतीयांश वेळा एकरकमी गुंतवणूक पुढे राहिली. उरलेल्या एक तृतीयांश वेळा हप्ते सरस ठरले, पण तो काळ आधी ओळखण्याचे साधन नाही; एसआयपीसाठी शुभ तारीख सांगणाऱ्यांकडे तर नाहीच.

पगारातल्या एसआयपीला यातले काहीही लागू होत नाही, कारण तिथे पैसा मुळातच महिन्याला येतो आणि आल्याबरोबर गुंतवला जातो. प्रत्येक हप्ता ही त्या महिन्याची एकरकमी गुंतवणूकच होय. त्याच न्यायाने वीस वर्षांच्या नोकरीतले वीस बोनस हे वीस वार्षिक हप्ते ठरतात, आणि खरेदीची वेळ त्यांतूनही विखुरली जातेच.

उरतो तो घसरणीच्या भीतीचा प्रश्न. आधीची इक्विटी गुंतवणूक २० लाखांची असेल आणि बाजार २० टक्के पडला, तर तिथे ४ लाखांची घट होते आणि नव्या बोनसवर २४,००० रुपयांची. जुने २० लाख निर्धास्तपणे ठेवून १,२०,००० रुपयांसाठी बारा महिने चाचरण्यात फारसा अर्थ नाही. पहिलाच बोनस असेल, मागे काहीच साठलेले नसेल आणि घसरण दिसताच सगळे काढून घेण्याचा आपला स्वभाव असेल, तर मात्र हप्ते करणे समजूतदारपणाचे आहे; त्यात थोडा परतावा सोडून आपण मनःस्वास्थ्य विकत घेतो. दोन-तीन वर्षांत लागणारे पैसे यातल्या कोणत्याच मार्गाने शेअरमध्ये घालू नयेत.

हप्तेच करायचे असतील तर रक्कम बचत खात्यात पडू न देता अल्प मुदतीच्या कर्जरोख्यांत पैसे ठेवणाऱ्या लिक्विड फंडात ठेवून तिथून एसटीपी, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम इक्विटी फंडात वळवण्याची सोय, लावावी. दरमहा अर्धा टक्का मिळाला तर वरच्या चढत्या उदाहरणात करापूर्वी १,१३७ऐवजी सुमारे १,१६८ युनिट मिळतात आणि जवळपास निम्मा तोटा भरून निघतो. मात्र एसटीपीचा प्रत्येक हप्ता म्हणजे लिक्विड फंडातली विक्री असते आणि तिच्या नफ्यावर कर लागतो. शिवाय इक्विटी फंडातल्या प्रत्येक हप्त्याचे दीर्घ मुदतीच्या करासाठी लागणारे एक वर्ष वेगळे मोजले जाते, त्यामुळे पहिल्या हप्त्याचे वर्ष भरले म्हणून सगळेच युनिट विकणाऱ्याला शेवटच्या हप्त्यांवर अल्प मुदतीच्या दराने कर भरावा लागतो.