दोनदाती बैल, अक्कलदाढ आणि शब्दाचं डोकं

आटपाडी तालुक्यातल्या खरसुंडीला सिद्धनाथाच्या यात्रेत खिलार जनावरांचा मोठा बाजार भरतो. तिथे घटकाभर उभं राहिलं की एक शब्द सारखा कानावर येतो. "मघाचा दोनदाती कितीला गेला?" "गेला न्हाई, आजून हितंच हाय."

गेला कोण? बैल. पण शब्दात बैल कुठेच नाही. शब्दात आहेत दोन आणि दात. खिलार खोंडाचे दुधाचे दात पडून खालच्या जबड्यात कायमच्या दातांची पहिली जोडी आली, म्हणजे साधारण दोन वर्षांच्या आसपास, की तो दोनदाती झाला. आता त्याच बाजारातला दुसरा शब्द घ्या, बैलगाडी. तीही दोन शब्दांची जोडणी. पण बैलगाडी ही गाडीच असते आणि दोनदाती हा दात नसतो.

बैलगाडीसारख्या समासाला भाषाविज्ञानात अंतःकेंद्री म्हणतात. त्याचं डोकं, म्हणजे मुख्य पद, शब्दाच्या आतच असतं आणि पहिलं पद फक्त प्रकार सांगतं. इंग्रजीतला ब्लॅकबोर्ड असाच. हल्ली शाळेत तो हिरवा असला तरी बोर्ड आहेच. दोनदाती हा बहिःकेंद्री समास. ज्याच्याविषयी बोलायचं तो शब्दाबाहेर उभा असतो. इंग्रजीतला रेडहेड या जातीचा. तो लाल केसांचा माणूस असतो, डोक्याचा एखादा प्रकार नव्हे. एंडोसेंट्रिक आणि एक्सोसेंट्रिक ही नावं अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ लेनर्ड ब्लूमफील्ड यांच्या १९३३ सालच्या ग्रंथामुळे रुळली. पण ही गोष्ट आपण शाळेत बहुव्रीही म्हणून शिकलेलोच असतो. पाणिनीनं ती एका सूत्रात बसवली: 'अनेकमन्यपदार्थे'. समासातल्या पदांपेक्षा वेगळ्याच पदाचा अर्थ जिथे मुख्य, तो बहुव्रीही. हे नाव स्वतःच त्याचं उदाहरण आहे. व्रीही म्हणजे भात, आणि बहुव्रीही म्हणजे ज्याच्याकडे पुष्कळ भात आहे तो माणूस.

मला यातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते ती अशी, की हा फरक नुसत्या अर्थापुरता राहत नाही, तो वाक्याच्या व्याकरणात उतरतो. बैल पुल्लिंगी, गाडी स्त्रीलिंगी, आणि आपण म्हणतो 'बैलगाडी आली'. क्रियापद मुकाट्यानं आतल्या डोक्याचं ऐकतं. आता दोनदातीकडे बघा. दात पुल्लिंगी आणि ते आहेत दोन, म्हणजे अनेकवचन. तरी कालवडीविषयी बोलताना शेतकरी म्हणतो 'दोनदाती विकली'. लिंग कालवडीचं, वचनही कालवडीचं. दातांना इथे काही अधिकारच नाही, कारण ते या शब्दाचं डोकं नाहीत.

इंग्रजीत नामांना असं लिंग नाही. तिथे हाच फरक अनेकवचनात उघडा पडतो, आणि योगायोगानं दातांवरच. अक्कलदाढेला इंग्रजीत विज्डम टूथ म्हणतात. ती दाढच आहे, म्हणून अनेक झाल्या की टूथचं टीथ होतं: विज्डम टीथ. पण लांब वाकड्या सुळ्यांचा तो नामशेष झालेला मार्जारकुळातला प्राणी, सेबरटूथ, अनेक असले तर ते सेबरटूथ्स. तिथे टीथ म्हणायला जीभ कचरते. टूथचं अनियमित रूप वरपर्यंत पोचायला टूथ हे शब्दाचं डोकं असावं लागतं. इथे डोकं बाहेर आहे, म्हणून सगळ्या शब्दाला साधा 'स' प्रत्यय लागतो. रेडहेडवर ही कसोटी चालत नाही, कारण हेडचं अनेकवचन मुळातच साधं आहे. आणि ती पक्कीही नाही. नवख्या माणसाला म्हणतात त्या टेंडरफूटची अनेकवचनं फूट्स आणि फीट अशी दोन्ही आढळतात.

मराठीनं आणखी एक सोय केली आहे. दोनदाती, काळतोंड्या, एकशिंगी या शब्दांना शेवटी ई किंवा या लागतो आणि डोकं बाहेर आहे हे तोच सांगून टाकतो. गजानन, लंबोदर हे संस्कृतातून आलेले शब्द तसं काही सांगत नाहीत. तिथे विग्रह करूनच ओळखावं लागतं.

विग्रह नीट केला नाही तर फसायला होतं. साताऱ्याचा अजिंक्यतारा घ्या. तो किल्ला आहे, आकाशातला तारा नाही. मग हा बहुव्रीही का? 'ज्याला अजिंक्य तारा आहे तो' असा विग्रह करून पाहा, काहीच हाती लागत नाही. 'अजिंक्य असा तारा' म्हटलं की जमतं. समास आतल्या डोक्याचाच आहे, फक्त तो सबंध शब्द रूपकानं किल्ल्याला दिला आहे. त्याच डोंगराच्या अंगाला चारभिंती हे हुतात्मा स्मारक आहे. सातारकर संध्याकाळी चारभिंतीला जातात, तेव्हा ते भिंतींकडे नाही, एका जागेकडे निघालेले असतात. इथे मात्र 'ज्याला चार भिंती आहेत ते' हा विग्रह सरळ बसतो.