पन्नास वर्षांपूर्वीचं लख्ख, सकाळचं पुसट

आजोबांना शाळेतल्या मुलांची नावं हजेरीच्या क्रमाने आठवतात, मग त्यांची स्मरणशक्ती बिघडली असं कसं म्हणायचं? अनेक घरांत असं म्हणतात आणि डॉक्टरांकडे जाणं लांबतं. पण जुनं आठवणं आणि नवं साठवणं ही मेंदूची वेगवेगळी कामं आहेत.

अमेरिकेतल्या हेन्री मोलेसन यांच्यामुळे हे उघड झालं. १९५३ साली फिट्स थांबवण्यासाठी त्यांच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागाचा मोठा हिस्सा काढला. बालपण त्यांना आठवत असे. पण नुकतीच भेटलेली व्यक्ती खोलीबाहेर जाऊन परत आली, की त्यांच्यासाठी अनोळखी.

समजा, जेवताना नात म्हणाली, "आजोबा, मी उद्या नाशिकला जातेय." तिचा चेहरा, आवाज, वरणाचा वास मेंदूच्या वेगवेगळ्या भागांत नोंदले जातात. ही माहिती एंटोरायनल कॉर्टेक्स या दारातून हिप्पोकॅम्पसमध्ये येते आणि तिथे एकत्र बांधली जाते.

ही गाठ कशी बसते, ते मला फार विलक्षण वाटतं. दोन पेशींच्या सांध्यावर एनएमडीए नावाचा ग्राहक, म्हणजे रासायनिक संदेश पकडणारं प्रथिन असतं. या ग्राहकाच्या छिद्रात मॅग्नेशियमचा आयन बुचासारखा बसलेला असतो. पलीकडच्या पेशीने ग्लुटामेट हे संदेश नेणारं रसायन सोडलं तरी बूच हलत नाही. त्याच वेळी इतर संदेशांमुळे अलीकडची पेशीही पुरेशी उत्तेजित झालेली असेल, तरच ते निघतं आणि कॅल्शियम आत शिरतं. म्हणजे दोन गोष्टी एकत्र घडल्या, हे हा ग्राहक ओळखतो! कॅल्शियममुळे सांध्यावर ग्लुटामेटचे आणखी ग्राहक बसतात आणि पुढचा संदेश जोरात पोचतो. हा बदल दिवसेंदिवस टिकायचा तर पेशीला नवी प्रथिनं बनवावी लागतात.

पुढे महिने-वर्षं जातात, तसे मेंदूच्या बाहेरच्या थरातले, म्हणजे बाह्यकातले धागे आपसांत घट्ट होतात आणि आठवणीचं हिप्पोकॅम्पसवरचं अवलंबन कमी होतं. शाळेतली नावं बाह्यकात पोचलेली असतात.

अल्झायमरमध्ये टाऊ प्रथिनाचे गुंते बाह्यकात सर्वप्रथम एंटोरायनल भागातच दिसू लागतात. १९९६ च्या एका अभ्यासात, अगदी सौम्य लक्षणं असलेल्या रुग्णांमध्येही, हिप्पोकॅम्पसकडे तारा नेणाऱ्या तिथल्या दुसऱ्या थरातल्या सुमारे ६० टक्के पेशी नष्ट झालेल्या आढळल्या. मरून गेलेल्या पेशी कुठलंही 'स्मृतिवर्धक' चूर्ण परत आणत नाही. अशा जाहिरातींचा मला राग येतो, कारण त्यात तपासणीचे महिने वाया जातात. विसराळूपणा बी-१२ ची कमतरता, थायरॉइड किंवा नैराश्यामुळेही येतो आणि त्यावर उपचार आहेत.

डॉक्टर म्हणूनच खुणेचे शब्द देऊन पाहतात. नुसत्या वयामुळे विसरलेल्या आजोबांना "गोदावरीकाठचं गाव" म्हटलं, की "हो, नाशिक!" आठवतं. अल्झायमरच्या सुरुवातीला खूण दिली तरी बहुधा काहीच उमटत नाही, आणि नात बोललीच नाही असं आजोबा मनापासून सांगतात. त्यांच्या मेंदूत ते वाक्य साठवलंच गेलेलं नसतं.