घरगुती डब्यांच्या वहीतून वर्षाचा खरा नफा कसा काढायचा

घरून डबे देणाऱ्यांकडे बहुधा एकच वही असते: आले किती, गेले किती. उलाढाल दोन कोटींच्या आत असेल तर आयकरात अंदाजित नफ्याची सवलत घेता येते. त्यात रोखीच्या विक्रीवर किमान आठ आणि बँक किंवा यूपीआयने आलेल्या विक्रीवर सहा टक्के नफा धरतात. पण खरा नफा त्याहून जास्त असेल तर तोच दाखवायचा असतो, आणि तो वहीतल्या शिलकीवरून कळत नाही.

कागद फार लागत नाहीत. वही, बँकेचे व यूपीआयचे उतारे, वाण्याचे उधारीचे खाते, गॅसच्या पावत्या आणि विकत घेतलेल्या यंत्राचे बिल एवढे पुरे. खरी अडचण दोन याद्यांची: गेल्या 31 मार्चला आणि या 31 मार्चला कोणाकडून येणे होते, कोणाला देणे होते, किती माल शिल्लक होता. जुनी यादी नसेल तर एप्रिलमध्ये कोणी मार्चचे पैसे दिले, हे उताऱ्यांत शोधा. रोखीने दिलेले मात्र वहीतच सापडतील.

एक उदाहरण घेऊ. वर्षभरात गिऱ्हाइकांकडून 6,10,000 आले. किराण्याला 3,20,000, गॅस-मदतनीस-डिलिव्हरीला 1,86,000 आणि नव्या ग्राइंडरला 20,000 गेले. वहीच्या हिशेबाने उरले 84,000.

आधी विक्री. येणे 18,000 वरून 31,000 झाले, म्हणजे 13,000 ची विक्री अजून वसूल व्हायची आहे. उलट 9,000 एप्रिलच्या डब्यांचे आगाऊ आलेत, ते यंदाचे नाहीत. खरी विक्री 6,14,000.

मग किराणा. वाण्याचे देणे 12,000 वरून 26,000 झाले, म्हणून खरेदी 3,34,000. शिल्लक माल 6,000 ने वाढला, तेवढा वजा. राहिले 3,28,000. पण याच डाळ-तांदळातून घरचेही जेवले! महिन्याला 4,000 धरले तर 48,000 ही मालकाची उचल, धंद्याचा खर्च नव्हे. उरला खर्च 2,80,000. इथेच सगळ्यात मोठी गफलत होते, कारण घरच्या जेवणाची नोंद कोणीच ठेवत नाही.

ग्राइंडरचे 20,000 एका वर्षात खर्ची टाकत नाहीत. 15 टक्के घसारा, म्हणजे 3,000 (वर्षात 180 दिवसांहून कमी वापरला तर निम्मा).

नफा: 6,14,000 वजा 2,80,000, 1,86,000 आणि 3,000, म्हणजे 1,45,000.

आता पडताळा. सुरुवातीची आणि शेवटची मालमत्ता लिहून दोन्हीतून देणी व आगाऊ वजा करा. भांडवल 24,000 वरून 49,000 झाले असेल आणि घरखर्चाला रोख 72,000 काढले असतील, तर 25,000 अधिक 72,000 अधिक किराण्याचे 48,000, पुन्हा 1,45,000. जुळले नाही, तर आधी न लिहिलेली रोख उचल शोधा.