आर्टिकलशिपसाठी विचारताना परीक्षेची स्थिती नेमकी लिहा
(आमच्या क्लायंटसाठी आणि त्यांच्या घरातल्या बी.कॉम. झालेल्या मुलामुलींसाठी)

रिटर्न भरायला आलेले क्लायंट जाता जाता विचारतात, "मुलीचं बी.कॉम. झालंय, सीए करतेय, तुमच्याकडे आर्टिकलशिपला जागा आहे का?" आमच्याकडून उलट प्रश्न येतो, सीए इंटरचे दोन्ही ग्रुप झाले का? या एका उत्तरावर पुढचं सगळं ठरतं, आणि नेमकं तेच बहुतेक अर्जांत धूसर असतं.

गोंधळाचं मूळ जुन्या नियमांत आहे. पूर्वी बी.कॉम.ला ५५ टक्के मिळवून डायरेक्ट एन्ट्रीने आलेला विद्यार्थी इंटर देण्याआधीच आर्टिकलशिप सुरू करू शकत असे, आणि इतरांना एक ग्रुप सुटला तरी चालत असे. जुलै २०२३ पासून लागू झालेल्या नव्या योजनेत आर्टिकलशिप तीन वर्षांवरून दोन वर्षांची झाली. पण ती सुरू करण्यासाठी इंटरचे दोन्ही ग्रुप पास असणं आणि आयसीआयटीएसएस हे चार आठवड्यांचं प्रशिक्षण पूर्ण असणं आवश्यक झालं. ५५ टक्क्यांमुळे आता फक्त सुरुवातीची फाउंडेशन परीक्षा टळते. त्यामुळे "दादाने एका ग्रुपवर सुरू केली होती" हे खरं असेल, पण आज उपयोगाचं नाही.

अशी एक चौकशी घ्या. "बी.कॉम. ६१ टक्के, सीए इंटर जवळपास क्लिअर, जागा असल्यास कळवावे." गुणपत्रिका मागवली की चित्र असं दिसतं: पहिल्या ग्रुपमध्ये ४५, ६२ आणि ५१, एकूण १५८. प्रत्येक पेपरला किमान ४० आणि तीन पेपर मिळून १५० लागतात, म्हणून हा ग्रुप सुटला. दुसऱ्या ग्रुपमध्ये कॉस्टिंग ६६, ऑडिट ३८, एफएम-एसएम ५२. बेरीज १५६, म्हणजे एकूण गुण पुरेसे, पण ऑडिटच्या दोन गुणांनी ग्रुप गेला. "जवळपास" या शब्दाखाली हे दोन गुण लपलेले असतात.

पण त्याच गुणपत्रिकेत एक चांगली बाजूही असते, जी अर्जात कोणी लिहीत नाही. ६० च्या वर गेल्यामुळे कॉस्टिंगला सूट मिळते, आणि ती पुढच्या तीन प्रयत्नांपर्यंत टिकते. ते ६६ गुण बेरजेतही धरले जातात, म्हणून उरलेल्या दोन पेपरांत मिळून ८४ पुरतात, अर्थात प्रत्येकी ४० च्या खाली न जाता. हे कळलं की आम्हालाही अंदाज बांधता येतो. आज जागा देता येणार नाही, पण पुढच्या निकालानंतरसाठी नाव लिहून ठेवता येतं.

असा अर्ज आम्हाला वाचायला आवडेल:

"बी.कॉम. ६१ टक्के, डायरेक्ट एन्ट्री. इंटर पहिला ग्रुप पास (१५८). दुसऱ्या ग्रुपमध्ये कॉस्टिंगला सूट, ऑडिट व एफएम-एसएम पुन्हा देणार आहे. आयसीआयटीएसएस पूर्ण. पास झाल्यास निकालानंतर लगेच रुजू होऊ शकते. त्या सुमारास आपल्याकडे जागा असेल का?"

पाच-सहा ओळी, पण एकही फोन न करता सगळं कळतं. निकाल लागायचा असेल तर "निकाल प्रतीक्षेत" असंच लिहा, "पास" नको. निकाल आल्यावर आम्ही गुणपत्रिका पाहतोच.

आयसीआयटीएसएसबद्दल आम्ही खोदून विचारतो, त्याला कारण आहे. आर्टिकलशिप संपल्यावर फायनलला बसण्याआधी सहा महिने जावे लागतात, आणि ते परीक्षेच्या महिन्याच्या एक तारखेपर्यंत पूर्ण झालेले हवेत. निकालानंतर त्या चार आठवड्यांसाठी बॅच शोधत बसलात आणि रुजू होणं महिनाभर लांबलं, तर दोन वर्षांनी तोच महिना फायनलचा एक प्रयत्न खाऊ शकतो. इंटरच्या निकालाची वाट पाहत असतानाचा काळ त्यासाठी सर्वांत सोयीचा.

एका सीएकडे किती आर्टिकल असू शकतात यालाही आयसीएआय या सीए संस्थेची मर्यादा आहे, आणि ती त्यांच्या प्रॅक्टिसच्या वर्षांवर अवलंबून असते. म्हणून कधी कधी मुलगी उत्तम असूनही आमच्याकडे सीट नसते. जागा देण्यासाठी आम्ही पैसे घेत नाही, नियमानेही घेता येत नाहीत. आणि "नुसतं नाव लावून ठेवा, ती घरी अभ्यास करेल" ही विनंती जुन्या क्लायंटनेही करू नये. रुजू झाल्यावर ३० दिवसांत नोंदणीचा फॉर्म १०३ भरला जातो, तो प्रत्यक्ष कामावर येणाऱ्या आर्टिकलसाठीच.

अर्जासोबत बी.कॉम.ची आणि इंटरच्या प्रत्येक प्रयत्नाची गुणपत्रिका जोडा, नापास झालेल्या प्रयत्नांचीसुद्धा. आई-वडिलांनी आमच्याशी जरूर बोलावं, पण ईमेल विद्यार्थ्याने स्वतः लिहावा.