ऑडिटमधला 'एक वर्ष' नेमका कुठून आला

प्रायव्हसी ऑडिटची चेकलिस्ट हातात घेतली की सगळ्यात जास्त भांडण होतं ते रिटेन्शनच्या कॉलमवरून, म्हणजे डेटा किती दिवस ठेवायचा आणि कधी उडवायचा यावरून. तो कॉलम आज असा विचित्र का झालाय ते सांगायला थोडं मागे जावं लागतं, फार नाही.

२०११ मधे आयटी कायद्याच्या ४३ए कलमाखाली नियम आले, पण त्यांचा सगळा जोर 'संवेदनशील' माहितीवर, म्हणजे पासवर्ड, बँकेचे तपशील, आरोग्य, बायोमेट्रिक वगैरे. नाव, पत्ता, मोबाईल नंबर त्या यादीत नव्हतेच. त्यामुळे तेव्हाच्या ऑडिटमधे डेटाची यादी मागितली की आयटीवाले चार सर्व्हर दाखवायचे आणि सही व्हायची. गरजेपेक्षा जास्त ठेवू नका असं त्या नियमांत होतं खरं, पण गरज म्हणजे किती हे कुणी विचारलं नाही. पुढे प्रायव्हसी हा मूलभूत हक्क ठरवणारा २०१७ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल, समिती, विधेयक आणि २०२२ मधे ते विधेयक मागे घेणं हे सगळ्यांना माहितीये, ते सोडतो. ऑगस्ट २०२३ मधे डीपीडीपी, म्हणजे डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला आणि त्यात सरळ म्हटलं, काम संपलं किंवा माणसानं संमती मागे घेतली की डेटा पुसा, दुसऱ्या कायद्यानं ठेवायला सांगितलं नसेल तर.

इथवर सोपं होतं. जानेवारी २०२५ मधे त्या कायद्याच्या नियमांचा मसुदा आला, त्यात एक वर्ष लॉग, म्हणजे डेटाला कुणी कधी हात लावला त्याच्या नोंदी, ठेवा असं होतं, पण कारण सुरक्षेचं होतं, चोरी झाली तर शोधता यावी म्हणून. नोव्हेंबर २०२५ ला अंतिम नियम आले तेव्हा ते कलम तर राहिलंच, वर आठव्या नियमात नवीन पोटनियम आला, की पर्सनल डेटा, ट्रॅफिक डेटा आणि लॉग हे 'प्रोसेसिंगच्या तारखेपासून' किमान एक वर्ष ठेवायचेच, आणि ते सरकारला सातव्या परिशिष्टातल्या, म्हणजे देशाची सुरक्षा वगैरे कामांसाठी लागू शकतात म्हणून. माझ्या मते कायद्यानं एका हातानं दिलेलं नियमांनी दुसऱ्या हातानं काढून घेतलं, पण ऑडिटरनं असं रिपोर्टमधे लिहायचं नसतं.

खरी गोची 'प्रोसेसिंगची तारीख' या शब्दांत आहे. कायद्याच्या व्याख्येत नुसतं साठवून ठेवणं हेसुद्धा प्रोसेसिंगच. हे सगळं मे २०२७ मधे लागू होणार म्हणून एका कर्ज देणाऱ्या कंपनीत आम्ही आधीच ड्राय रन केला. समजा एकानं ३ जून २०२७ ला अर्ज भरला, ४ ला त्याचा क्रेडिट रिपोर्ट काढला, ५ ला अर्ज नाकारला, आणि २० ला त्यानं संमती मागे घेतली. वर्ष कधी संपणार? प्रत्येक कृती वेगळी मोजली तर ३, ४ आणि ५ जून २०२८, संमती मागे घेतल्याची नोंद हीसुद्धा कृती धरली तर २० जून, आणि साठवणं धरलं तर रोज नवीन वर्ष सुरू होतं, म्हणजे कधीच नाही! लीगलनं एक सांगितलं, आयटीनं दुसरं. शेवटी साठवण सोडून शेवटची कृती धरायची असं ठरलं आणि ते कारणासकट रजिस्टरमधे लिहून ठेवलं, कारण उद्या कुणी विचारलं तर आकड्यापेक्षा कारण बघतात.

मधल्या वर्षात डेटा असतो पण वापरायचा नसतो, आणि हे तपासायला पॉलिसी वाचून उपयोग नाही. आम्ही संमती मागे घेतलेले नंबर काढले आणि एसएमएस गेटवेच्या लॉगशी जुळवले, तर काहींना त्यानंतरही 'प्री-अप्रूव्हड लोन'चे मेसेज गेलेले. मूळ डेटाबेसमधे फ्लॅग बरोबर लागला होता, पण मार्केटिंगवाला महिन्यापूर्वीची एक्सेल घेऊन बसला होता आणि ती एक्सेल इन्व्हेंटरीत, म्हणजे कंपनीकडच्या डेटाच्या यादीत, कुठेच नव्हती. त्यात पॅन नंबरपण होते. आणि संमतीच्या रेकॉर्डमधे फक्त 'हो' आणि वेळ, कुठली नोटीस दाखवली होती तिचं व्हर्जन नाही. संमती घेतली हे सिद्ध करायची जबाबदारी कंपनीवर असते, त्यामुळे नुसता 'हो' कुणाच्या कामाचा?

ब्रीचच्या, म्हणजे डेटा फुटण्याच्या बाबतीत पण दोन घड्याळं एकावर एक बसलीत. २०२२ च्या सायबर निर्देशांनुसार घटना कळल्यापासून ६ तासात सर्ट-इन या सरकारी सायबर यंत्रणेला कळवायचं, आणि नवीन नियमांत डेटा प्रोटेक्शन बोर्डाला लगेच एक सूचना, मग ७२ तासात तपशील, शिवाय ज्यांचा डेटा गेला त्यांनाही विनाविलंब सांगायचं. ती एक्सेल बाहेर गेली असती तर कुणाकुणाला कळवायचं याची यादीच करता आली नसती, कारण ती कंपनीच्या लेखी अस्तित्वातच नव्हती. फाइंडिंग आम्ही रिटेन्शनखाली न टाकता इन्व्हेंटरीखाली टाकलं, यावरून मॅनेजमेंटशी अजून मेलामेली चालू आहे.