गाण्यात शिरलेली क्लिक काढायची असेल, तर सुरुवातीचे चार ठोके कापू नका

लय धरायला हेडफोनमध्ये लावलेली ठोक्यांची क्लिक माइकमध्ये शिरली की व्हिडिओ आमच्याकडे येतो, आणि बहुतेक वेळा तो आधीच नीटनेटका करून आलेला असतो. पुढे-मागे कापलेला, रिव्हर्ब दिलेला, आवाज चढवलेला. आमचा सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो.

गाणं सुरू होण्याआधीचे चार ठोके तुम्हाला कचरा वाटतात, पण आमच्यासाठी तोच नमुना असतो. तिथे कोणी गात-वाजवत नसल्यामुळे तुमच्या हेडफोनमधून बाहेर पडून माइकपर्यंत पोचलेली क्लिक नेमकी कशी ऐकू येते, ते सुटं ऐकायला मिळतं. या नमुन्याची लहर वरची खाली अशी उलटी करून प्रत्येक ठोक्यावर बसवला की मूळ क्लिक बरीचशी पुसली जाते. मात्र तो अचूक बसावा लागतो. क्लिक १००० हर्ट्झची असेल आणि आम्ही अर्ध्या मिलिसेकंदाने चुकलो, तर ती पुसली जाण्याऐवजी वाढते.

अलीकडेच एक भावगीत आलं होतं. आवाज आणि हार्मोनियम, लय ९६, लांबी ४ मिनिटं, गायिकेने एक कान उघडा ठेवलेला. ९६ च्या लयीत दर ०.६२५ सेकंदाला एक ठोका पडतो, म्हणजे गाण्यात एकूण ३८४ ठोके. हार्मोनियम भरून वाजते तिथले बहुतेक ऐकूच येत नाहीत आणि त्यांना आम्ही हात लावत नाही. त्रास होता तो दोन ओळींमधल्या श्वासात आणि शेवटचा सूर विरताना. गाताना मान वळली की क्लिकचा रंग बदलतो आणि नमुना पुरता जुळत नाही. तिथे तेवढाच तुकडा आजूबाजूच्या आवाजाने हाताने भरला.

‘नॉइज रिडक्शन मारून बघितलं, गेलं नाही,’ असं बरेच जण सांगतात. ते पंख्यासारख्या सलग आवाजासाठी असतं. रेकॉर्डची खरखर काढणारं साधन मिलिसेकंदाएवढे तडे शोधतं. त्याला क्लिक सापडत नाही, उलट तबल्याची थाप मात्र बोथट होते.

रिव्हर्ब एकदा दिला की प्रत्येक क्लिकला शेपूट येतं आणि ते पुढच्या शब्दावर पसरतं. काँप्रेसरने शांत जागेतली क्लिक वर येते आणि प्रत्येक ठोका वेगळ्या उंचीचा होतो. मग नमुना हाताशी असूनही फारसा उपयोग होत नाही.

म्हणून कच्ची वेव्ह फाइल हाती आल्याशिवाय आम्ही दर सांगत नाही. काहींना ही टाळाटाळ वाटते, पण आम्ही पैसे गाण्याच्या लांबीवर नाही, दुरुस्त कराव्या लागणाऱ्या जागांवर घेतो, आणि त्या ऐकल्याशिवाय मोजता येत नाहीत. सोबत क्लिकचा वेगळा ट्रॅक आणि लयीचा आकडा पाठवा. फाइल व्हॉट्सॲपवरून नको, ड्राइव्हची लिंक द्या. सगळ्यात अवघड जागेची ३० सेकंदं आम्ही मोफत करून ऐकवतो. ती पटली, तरच पुढचं काम सुरू करतो.