तिथिनिर्णय (कोकणातील गणेशचतुर्थी)

एकच तिथी दोन तारखांना लागली असता तिचा सण किंवा व्रत नेमके कोणत्या दिवशी करावे, हे ठरवण्याच्या रीतीला तिथिनिर्णय म्हणतात. कोकण किनाऱ्यावर हा प्रश्न सर्वांत निकराने विचारला जातो तो भाद्रपद शुद्ध चतुर्थीबद्दल, म्हणजे कोकणी बोलीतल्या चवथीबद्दल. चाकरमान्यांची गाडीची आरक्षणे, मूर्तिशाळेतून गणपती आणण्याचा दिवस, एकाच गुरुजींकडे असलेली गावातली सगळी घरे, असे सारे त्या एका तारखेवर अवलंबून असते. म्हणून या नोंदीत बाकीच्या सणांचा उल्लेख ओझरता केला असून विस्तार चतुर्थीचाच केला आहे.

चंद्र सूर्याच्या पुढे १२ अंश सरकला की एक तिथी संपते. चंद्राची गती कमीजास्त होत असल्याने तिथी कधी साधारण २० तासांत आटोपते, तर कधी जवळजवळ २७ तास चालते. ती दुपारी, मध्यरात्री, पहाटे, केव्हाही सुरू होऊ शकते. भिंतीवरच्या कॅलेंडरात मात्र तारखेच्या चौकोनात एकच तिथी ठळक छापलेली असते, आणि ती असते सूर्योदयाच्या क्षणी चालू असलेली तिथी. 'उदयतिथी तीच खरी' हा समज इथूनच पक्का झाला. अनेक व्रतांना तो लागूही पडतो, पण सर्वांना नाही. २०२४ साली २४ मार्चला सूर्योदयाला चतुर्दशी होती. पौर्णिमा सकाळी ९:५४ ला लागली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी १२:२९ ला संपली. शिमग्याची होळी पेटते सूर्यास्तानंतरच्या प्रदोषकाळात, आणि त्या वेळी पौर्णिमा होती ती फक्त २४ तारखेला. त्यामुळे उदयतिथी चतुर्दशी असूनही होळी २४ लाच झाली.

यामागचे तत्त्व कर्मकाळाचे आहे. ज्या वेळी ते कर्म करायचे, त्या वेळी ती तिथी हवी. महाशिवरात्रीला मध्यरात्रीचा निशीथकाळ पाहतात, होळीला प्रदोष, आणि पार्थिव गणेशाच्या पूजेला मध्याह्न. हरतालिकेचे गणित वेगळे आहे: सूर्योदयानंतर तृतीया एक मुहूर्त, म्हणजे सुमारे ४८ मिनिटे जरी उरली असली तरी तोच दिवस घ्यायचा. शेजारशेजारच्या दोन व्रतांचे निकष असे निराळे असल्यामुळे एखाद्या वर्षी हरतालिका आणि गणपती एकाच दिवशी येतात. पंचांगात चूक झाली असे वाटते, पण तृतीया सकाळी आठच्या सुमारास संपली की दोन्ही नियम एकाच तारखेवर बरोबर जुळतात.

मध्याह्न म्हणजे घड्याळातले बारा नव्हेत. सूर्योदय ते सूर्यास्त या काळाचे पाच सारखे भाग करतात: प्रातःकाळ, संगव, मध्याह्न, अपराह्ण आणि सायाह्न. त्यातला तिसरा भाग मध्याह्न. भाद्रपदात दिवस बारा तासांहून किंचित मोठा असतो, त्यामुळे एक भाग सुमारे २ तास २५ मिनिटांचा येतो. कोकण भारतीय प्रमाणवेळेच्या रेखांशाच्या बऱ्याच पश्चिमेला असल्याने इथला मध्याह्न साधारण सव्वाअकरा ते पावणेदोन असा पडतो.

चतुर्थीचा निर्णय महाराष्ट्रात मुख्यतः धर्मसिंधूवरून केला जातो. शके १७१२ मध्ये (इ. स. १७९०–९१) हा ग्रंथ रचणारे काशीनाथ उपाध्याय पंढरपूरचे म्हणून ओळखले जातात, पण त्यांचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातले गोळवली. त्यांचा नियम थोडक्यात असा: पहिल्या दिवशी चतुर्थी मध्याह्नाला मुळीच शिवत नसेल आणि दुसऱ्या दिवशीच शिवत असेल, तर दुसरा दिवस घ्यावा. पहिल्या दिवशी मध्याह्नाचा थोडाच भाग आणि दुसऱ्या दिवशी पूर्ण मध्याह्न व्यापत असेल, तरीही दुसराच. बाकी सर्व प्रसंगी पहिला. दोन्ही दिवशी पूर्ण व्याप्ती असो, दोन्ही दिवशी मुळीच नसो किंवा दोन्ही दिवशी अर्धवट असो, कौल पहिल्या दिवसाकडे. शेवटच्या प्रकाराला मात्र ग्रंथातच एक पुस्ती आहे: व्याप्ती दोन्हीकडे अर्धवट पण कमीजास्त असेल आणि दुसऱ्या दिवशी जास्त असेल, तर काहींच्या मते दुसरा दिवस घ्यावा.

'मुळीच नाही' हा प्रकार विचित्र दिसतो, पण तो घडू शकतो. तृतीया दुपारी दोनला संपली आणि चतुर्थी आखूड, साडेवीस तासांची निघाली, तर ती दुसऱ्या दिवशी साडेदहालाच संपेल. दोन्ही मध्याह्न कोरडे जातात. अशा वेळी पहिला दिवस धरतात आणि पूजेच्या मुख्य वेळी तृतीयाच असते.

२०२३ सालची चतुर्थी या नियमांची कसोटी पाहणारी होती. ती सोमवार १८ सप्टेंबरला दुपारी १२:३९ ला लागली आणि मंगळवार १९ ला दुपारी १:४३ ला संपली. मुंबईत त्या सुमारास सूर्योदय ६:२७ ला आणि सूर्यास्त ६:३८ ला होतो. दिनमान १२ तास ११ मिनिटे, त्याचा पाचवा भाग सुमारे २ तास २६ मिनिटे. सूर्योदयात असे दोन भाग मिळवले की मध्याह्न ११:१९ ला सुरू होतो आणि १:४६ च्या आसपास संपतो. म्हणजे १८ तारखेला चतुर्थीला मध्याह्नातला तासाहून थोडा अधिक वेळ मिळाला, तर १९ ला जवळजवळ सगळा. जवळजवळच, कारण शेवटची तीन मिनिटे पंचमीत गेली.

ही तीन मिनिटेच सगळा वाद उभा करतात. ती चतुर्थीत असती, तर दुसऱ्या दिवशी पूर्ण व्याप्ती म्हणून १९ तारीख निर्विवाद ठरली असती. ती नसल्याने मुंबईपुरता प्रसंग 'दोन्ही दिवशी अर्धवट' या सदरात पडतो. तिथे ग्रंथाचा मुख्य नियम १८ कडे बोट दाखवतो आणि पुस्तीतला मतप्रवाह १९ कडे. महाराष्ट्रात गणेशचतुर्थी १९ ला झाली. कर्नाटक-तेलंगणाकडे १८ की १९ यावर बरीच चर्चा झाली. १९ ला मंगळवार होता, आणि रविवार किंवा मंगळवारी येणारी चतुर्थी प्रशस्त मानतात, ही जमेची आणखी एक बाजू. प्रस्तुत लेखकाला १९ चाच निर्णय सयुक्तिक वाटतो: तीन मिनिटांच्या उणिवेसाठी तासाभराच्या व्याप्तीला झुकते माप देणे हे नियमाचे अक्षर पाळून हेतू सोडण्यासारखे आहे.

याच उदाहरणात स्थानभेदाचेही महत्त्व दिसते. तिथी संपण्याचा क्षण देशभर एकच असतो, पण मध्याह्न स्थानिक सूर्यावर चालतो आणि पूर्वेला दर अंशामागे चार मिनिटे आधी येतो. नागपूर मुंबईच्या सहा अंशांहून जास्त पूर्वेला असल्याने तिथला मध्याह्न १:२० च्या सुमारास संपला. तिथे १९ ला पूर्ण व्याप्ती होती, वादच नव्हता. कोकण किनाराही सरळ दक्षिणोत्तर नाही, तो खाली जाताना पूर्वेकडे सरकतो. रत्नागिरीत मध्याह्न साधारण १:४४ पर्यंत आला, सावंतवाडीकडे १:४२ पर्यंत. म्हणजे हिशेब काटेकोर धरला तर 'अर्धवट' आणि 'पूर्ण' यांमधली रेषा त्या वर्षी कोकणातूनच गेली. सूर्यबिंबाची वरची कड दिसणे म्हणजे सूर्योदय की बिंबाचा मध्य क्षितिजावर येणे, एवढ्या फरकानेही ती रेषा इकडची तिकडे होते. एका मिनिटाच्या अशा अंतरावर गावागणिक वेगळा सण करत कोणी बसत नाही. प्रदेशातली पंचांगे जी तारीख छापतात ती सगळीकडे मानली जाते.

घटी-पळांचे जुने पंचांग हाताशी असेल तर हा हिशेब आणखी सोपा होतो. त्यात तिथीपुढे सूर्योदयापासून ती किती घटी आणि पळे चालते ते दिलेले असते. एक घटी २४ मिनिटांची, तिची ६० पळे. वरच्या उदाहरणात १८ तारखेला सूर्योदयानंतर ६ तास १२ मिनिटांनी तृतीया संपते, म्हणजे तिच्यापुढे १५ घटी ३० पळे असे येईल. मध्याह्न सुमारे १२ ते १८ घटींच्या दरम्यान असतो. तेव्हा तृतीया बारा घटींच्या आत संपत असेल तर गणपती त्याच दिवशी, हे तारीख न पाहता सांगता येते. ती अठराच्या पुढे गेली तर बहुधा दुसऱ्या दिवशी. बारा ते अठरामध्ये अडकली की मगच दुसऱ्या दिवशीची चतुर्थीची घटी काढून ताडायची.

तारीख ठरली तरी चंद्रदर्शनाचा प्रश्न सुटत नाही. निषेध आहे तो चतुर्थीतला चंद्र पाहण्याचा. २०२३ मध्ये चतुर्थीतला संध्याकाळचा चंद्र दिसला तो १८ ला. १९ च्या संध्याकाळी पंचमी लागलेली होती. शब्दशः पाहता गणपती घरी यायच्या आदल्या संध्याकाळीच आकाशाकडे पाहायचे टाळायला हवे होते. धर्मसिंधूकार ही बारकाई मांडतात आणि लगेच नोंदवतात की लोक मात्र तिथी असो वा नसो, व्रताच्या दिवशीच चंद्र पाहत नाहीत. सव्वादोनशे वर्षांनंतरही कोकणात तसेच चालते.

घरचा गणपती किती दिवसांचा, हेही या निर्णयावर अवलंबून असते, कारण गौरी तिथीवर नव्हे तर नक्षत्रावर येतात: अनुराधावर आवाहन, ज्येष्ठावर पूजन, मूळावर विसर्जन. २०२३ मध्ये गौरी २१ सप्टेंबरला आल्या आणि २३ ला गेल्या. चतुर्थी १९ ची धरल्याने गौरींबरोबर जाणारे गणपती पाच दिवसांचे झाले. १८ धरली असती तर ते सहा दिवसांचे झाले असते, आणि मूर्तीवर टांगलेल्या माटवीखालचा मुक्काम एका दिवसाने वाढला असता.

कोकणात काही घरांत टिळक पंचांग पाळतात. अधिकमासाच्या आसपासच्या काही वर्षांत त्यांची चतुर्थी इतरांच्या एक महिना आधी येते. हा भेद तिथीचा नसून महिन्याचा आहे. तिथी सूर्य-चंद्रांमधल्या अंतरावर ठरते, त्यामुळे अयनांश, म्हणजे राशिचक्राचा आरंभ वसंतसंपातापासून किती अंशांवर धरायचा ते माप, कोणताही घेतला तरी ती बदलत नाही. सूर्य राशीत कधी शिरला हे मात्र अयनांशावर ठरते आणि त्यावर अधिक महिना ठरतो. त्यामुळे त्या घरांतही मध्याह्नव्याप्तीचा नियम हाच, फक्त तो वेगळ्या चतुर्थीला लावला जातो.